राफ्टचा पेपर: वाचनाच्या नोंदी

४ ऑगस्ट

आपल्या कॉन्फिग स्टोअरची एकाच मशीनवरची कॉपी आता पुरणार नाही, पाच सर्व्हरवर तोच डेटा एकसारखा ठेवायचाय, आणि त्यासाठी राफ्ट हा अल्गोरिदम वापरायचं ठरलंय, ज्यात एक सर्व्हर लीडर होतो आणि बाकीचे फॉलोअर त्याच्या लॉगची, म्हणजे बदलांच्या क्रमवार यादीची, नक्कल ठेवतात; यादीतला एकेक बदल म्हणजे एन्ट्री. लायब्ररी तयार आहे, पण उद्या काही बिघडलं तर लॉग बघून कुठला नियम मोडलाय ते सांगता यायला हवं, म्हणून मूळ पेपर नीट वाचायचं काम माझ्याकडे. ओंगारो आणि औस्टरहाउट यांचा २०१४ चा पेपर. मी विस्तारित आवृत्ती घेतलीय, १८ पानांची. कॉन्फरन्समध्ये छापलेली आवृत्ती यापेक्षा छोटी आहे, त्यामुळे नोंदीत आवृत्ती लिहिली नाही तर मी "फिगर १६" म्हणणार आणि समोरचा त्याच्या पीडीएफमध्ये शोधत बसणार.

आधी हे ठरवलं की वाचून झाल्यावर मला काय जमायला पाहिजे. "राफ्ट समजून घेणे" हे काही लक्ष्य नाही, ते कधी संपलं तेच कळत नाही. माझं लक्ष्य असं: पाच सर्व्हरचे लॉग कागदावर मांडून दिले तर कोण लीडर होऊ शकतो आणि कुठली एन्ट्री पक्की धरायची हे मी पेपर न उघडता सांगणार. एवढं ठरल्यावर कुठला भाग सोडता येईल तेही आपोआप दिसायला लागतं.

आज फक्त सर्वे. शीर्षक, सारांश, सगळे मथळे, सगळ्या फिगर आणि त्यांच्या खालचा मजकूर, मग शेवटचा निष्कर्ष. परिच्छेद एकही वाचायचा नाही आणि हा नियम पाळणं खरंच अवघड आहे, डोळा आपोआप खाली घसरतो आणि पहिल्या सेक्शनमध्येच अर्धा तास जातो.

सर्वेत सापडलं ते. आभाराचा भाग सोडला तर एकूण ११ सेक्शन. पाचवा सेक्शन हा खरा अल्गोरिदम, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला. फिगर २ मध्ये जवळपास अख्खं पान भरून सगळे नियम एकत्र लिहिलेत, फिगर ३ मध्ये पाच हमी दिल्यात. सहावा सेक्शन क्लस्टरमधले सर्व्हर बदलण्याबद्दल, सातवा लॉग छोटा करण्याबद्दल, आठवा क्लायंटबद्दल, नववा मोजमापांचा. दुसरा, तिसरा आणि चौथा पार्श्वभूमीचे, त्यातल्या तिसऱ्यात पॅक्सॉस या याच कामाच्या जुन्या अल्गोरिदमवरच्या तक्रारी आहेत ज्या वाचायला मजेदार असतील पण माझ्या कामाला लागत नाहीत.

एक गोष्ट खटकली आणि लगेच लिहून ठेवली. ५.४.२ या छोट्याशा उपसेक्शनसाठी एक स्वतंत्र फिगर आहे, फिगर ८, आणि त्यात (a) ते (e) अशी पाच चित्रं. एवढ्याशा भागाला एवढं मोठं चित्र लागतंय म्हणजे तिथे काहीतरी असं आहे जे लेखकांनाही नुसत्या शब्दांत सांगता आलं नसावं. अशा जागा सर्वेतच पकडायच्या, कारण वाचताना सगळे परिच्छेद सारखेच दिसतात.

५ ऑगस्ट

आज प्रश्न.

मी वापरतेय ती SQ3R, म्हणजे सर्वे, प्रश्न, वाचन, आठवून सांगणं आणि उजळणी अशा पायऱ्यांची पद्धत, फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये मांडली, कॉलेजच्या मुलांनी पाठ्यपुस्तकं वाचावीत कशी यासाठी, आणि त्यात मथळ्याचाच प्रश्न करायचा असतो. पाठ्यपुस्तकात ते छान चालतं. रिसर्च पेपरमध्ये मात्र मथळे बोथट असतात, "मूल्यमापन" या मथळ्याचा प्रश्न काय करणार? "मूल्यमापन कसं केलं?" एवढंच, आणि त्याचं उत्तर म्हणून अख्खं सेक्शनच उतरवून काढावं लागेल. म्हणून मी प्रश्न मथळ्यांवरून कमी आणि फिगर व दाव्यांवरून जास्त काढते.

कसोटी अशी ठेवलीय की प्रश्नाला चुकीचं उत्तर देता यायला हवं. "लीडर इलेक्शन म्हणजे काय" याला चुकीचं उत्तर देणं कठीण आहे, काहीही चार ओळी लिहिल्या तरी बरोबर वाटतात. "एकाच टर्ममध्ये दोन लीडर निवडून येऊ शकतात का, आणि येत नसतील तर नेमका कुठला नियम अडवतो" याला उत्तर देताना मी सरळ आपटू शकते, म्हणून हा प्रश्न चालेल. टर्म म्हणजे एका निवडणुकीपासून पुढच्या निवडणुकीपर्यंतचा, क्रमांक दिलेला काळ.

यादीत ठेवलेले प्रश्न, आणि प्रत्येकापुढे वाचायच्या आधीचा माझा अंदाज:

पहिला, वरचाच. अंदाज: नाही येऊ शकत, कारण बहुमत लागतं. (फिगर ३ मध्ये ही हमी सरळ लिहिलीय, पण कशामुळे ते नाही.)

दुसरा, फॉलोअर किती वेळ वाट बघून निवडणूक सुरू करतो आणि तो वेळ यादृच्छिक का आहे, सगळ्यांना सारखाच दिला तर नेमकं किती बिघडतं? अंदाज: थोडं हळू होईल.

तिसरा, जुना लीडर पडला, नवा आला, दोघांचे लॉग जुळत नाहीत, तर कुणाचं खरं मानायचं? अंदाज: नव्या लीडरचं.

चौथा, आणि हा फिगर ८ मुळे सुचला: एखादी एन्ट्री पाचपैकी तीन सर्व्हरवर पोचली म्हणजे ती कायमची झाली का? अंदाज: हो.

अंदाज लिहिण्याची सवय लावून घ्यायला वेळ लागतो पण सगळा खेळ त्यातच आहे. अंदाज कागदावर नसेल तर उत्तर वाचताना प्रत्येक वेळी "हां, हेच वाटलं होतं" असंच वाटतं आणि नेमकं काय नवीन कळलं ते सापडतच नाही.

७ ऑगस्ट

५.१ आणि ५.२ वाचलं. प्रश्न घेऊन वाचलं की वेग बदलत राहतो, जिथे प्रश्नाचा संबंध नाही तिथून पटकन पुढे, जिथे आहे तिथे दोनदा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या अंदाजापेक्षा बारीक निघालं. नुसतं बहुमत पुरत नाही. प्रत्येक सर्व्हर एका टर्ममध्ये एकालाच मत देतो, आणि पाचपैकी तिघांचे कुठलेही दोन गट घेतले तर निदान एक सर्व्हर दोन्हींत येतोच, त्या एकाने दोघांना मत दिलं नसेल तर दोन लीडर होऊच शकत नाहीत. म्हणजे सगळा भार त्या "एकालाच" या शब्दावर आहे.

इथे मी एक गोष्ट नेहमी करते, नियमातला एक तुकडा काढून टाकायचा आणि काय मोडतं ते बघायचं. फिगर २ मध्ये लिहिलंय की `currentTerm`, `votedFor` आणि लॉग हे तिन्ही उत्तर पाठवायच्या आधी डिस्कवर जायला हवेत. समजा `votedFor`, म्हणजे कुणाला मत दिलं ते, डिस्कवर लिहिलंच नाही. पाच सर्व्हर S1 ते S5 धरले, S3 ने टर्म ७ मध्ये S1 ला मत दिलं, लगेच पडला, उठला, आठवण पुसली गेलेली, तेवढ्यात त्याच टर्म ७ साठी S5 चं मागणं आलं आणि S3 ने त्यालाही मत दिलं. आता S1 कडे S1, S2, S3 आणि S5 कडे S3, S4, S5. दोन लीडर, एकाच टर्ममध्ये. पेपरात ही गोष्ट अशी मांडलेली नाही, पण ती मांडता आली म्हणजे डिस्कवर लिहिण्याची अट का आहे ते कळलं. आणि आपल्या कामासाठी याचा सरळ अर्थ असा की लायब्ररीत डिस्कवर लिहिणं वेगासाठी बंद करायचं एखादं सेटिंग असेल तर त्याला हात लावायचा नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी ५.२ मधूनच उडी मारून ९.३ वर गेले. पेपर क्रमाने वाचलाच पाहिजे असं काही नाही, प्रश्नाचा अर्धा भाग "का" मध्ये असेल आणि अर्धा "किती" मध्ये, तर दोन्ही जागा लागोपाठ बघितलेल्या बऱ्या. फिगर १६ मधले आकडे: पाच सर्व्हर, सगळ्यांना निवडणुकीचा वेळ अगदी सारखा दिला तर लीडर ठरायला सतत १० सेकंदांहून जास्त लागले, कारण सगळे एकदम उभे राहतात आणि मतं फुटतात, परत उभे राहतात, परत फुटतात. फक्त ५ मिलिसेकंदांची यादृच्छिकता घातली तर मध्यक २८७ मिलिसेकंदांवर आला. ५० मिलिसेकंदांची घातली तर १००० चाचण्यांत सगळ्यात वाईट वेळ ५१३ मिलिसेकंद.

माझा "थोडं हळू होईल" हा अंदाज किती लांब होता ते यावरून दिसतं, आणि म्हणूनच हा आकडा आता डोक्यातून जाणार नाही. निवडणुकीच्या टाइमआउटसाठी लेखक १५० ते ३०० मिलिसेकंद सुचवतात. याहून बराच कमी केला तर लीडरचा "मी चालू आहे" सांगणारा हार्टबीट पोचायच्या आतच बाकीचे नवीन निवडणूक सुरू करतात आणि चांगला चालू असलेला लीडर उगाच बदलतो. पण हे त्यांच्या क्लस्टरचं आहे जिथे सगळ्यांना संदेश पोचायला साधारण १५ मिलिसेकंद लागत होते. आपले सर्व्हर लांबलांब असतील तर आकडा उचलायचा नाही, प्रमाण उचलायचं: संदेशाचा वेळ हा टाइमआउटपेक्षा कितीतरी लहान हवा.

१० ऑगस्ट

५.३, लॉगची नक्कल. हे लवकर झालं. लीडर एन्ट्री पाठवणाऱ्या प्रत्येक `AppendEntries` संदेशाबरोबर आधीच्या एन्ट्रीचा क्रमांक आणि टर्म पाठवतो, फॉलोअरकडे ते जुळलं नाही तर तो नाही म्हणतो, लीडर `nextIndex`, म्हणजे त्या फॉलोअरला पुढची कुठली एन्ट्री पाठवायची तो क्रमांक, एकाने मागे घेतो आणि परत पाठवतो, असं मागे जात जात जिथे जुळतं तिथून पुढचं फॉलोअरचं सगळं पुसून स्वतःचं लिहितो. लीडर स्वतःच्या लॉगमधलं कधीच पुसत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचा अंदाज बरोबर होता, नव्या लीडरचंच खरं. पण मग लगेच नवीन प्रश्न उभा राहतो, की नव्या लीडरकडे पक्की झालेली एन्ट्रीच नसली तर? ती पुसली जाईल की. पेपर चांगला लिहिलेला असला की एका उत्तरातून पुढच्या सेक्शनचा प्रश्न निघतो, आणि ५.४ मध्ये नेमकं तेच आहे. उमेदवाराचा लॉग मतदाराच्या लॉगइतका तरी ताजा असल्याशिवाय मत मिळत नाही. ताजा म्हणजे काय: शेवटच्या एन्ट्रीची टर्म ज्याची मोठी तो ताजा, टर्म सारखीच असेल तर ज्याचा लॉग लांब तो. हा क्रम महत्त्वाचा आहे, आधी टर्म मग लांबी. उद्या याचंच काम पडणार.

११ ऑगस्ट

५.४.२. सर्वेत खूण केलेली जागा. दिवसभर एवढंच केलं.

परिच्छेद वाचायच्या आधी फिगर ८ स्वतः कागदावर काढायला घेतली. पाच आडव्या ओळी, S1 ते S5, प्रत्येक चौकोनात फक्त टर्मचा आकडा. सगळ्यांकडे पहिल्या जागी टर्म १ ची एन्ट्री आहे.

पहिलं चित्र. S1 टर्म २ चा लीडर आहे, त्याने दुसऱ्या जागी एक एन्ट्री टाकली आणि ती फक्त S2 वर पोचली. दोन सर्व्हर, बहुमत नाही.

दुसरं. S1 पडला. S5 उभा राहिला, टर्म ३, त्याला S3, S4 आणि स्वतःचं मत मिळालं. S3 आणि S4 कडे दुसऱ्या जागी काहीच नाही म्हणून S5 चा लॉग त्यांच्याइतका ताजा आहे, मत द्यायला अडचण नाही. S5 ने दुसऱ्या जागी वेगळीच एन्ट्री घेतली, तिच्यावर टर्म ३, आणि ती फक्त त्याच्याकडेच राहिली.

तिसरं. S5 पडला. S1 परत आला आणि टर्म ४ चा लीडर झाला. तो आपली जुनी टर्म २ ची एन्ट्री पुढे पाठवत राहिला आणि ती S3 वर पोचली. आता दुसऱ्या जागची टर्म २ ची एन्ट्री S1, S2, S3 अशा तिघांकडे आहे. बहुमत झालं. S1 ने तिसऱ्या जागी टर्म ४ ची एक नवीन एन्ट्रीही घेतलीय पण ती अजून त्याच्याकडेच आहे.

इथे थांबले आणि चौथा प्रश्न समोर ठेवला. तीन सर्व्हरवर पोचली, पक्की झाली का? माझा अंदाज हो.

चौथं चित्र. S1 परत पडला. S5 उठला आणि निवडणूक मागितली. S2 आणि S3 यांच्या शेवटच्या एन्ट्रीची टर्म २, S5 च्या शेवटच्या एन्ट्रीची टर्म ३. कालचा नियम: आधी टर्म बघायची. S5 ताजा ठरतो! S2, S3, S4 तिघंही मत देतात. S5 लीडर होतो आणि दुसऱ्या जागी आपली टर्म ३ ची एन्ट्री सगळ्यांवर लिहितो. तिघांकडे असलेली टर्म २ ची एन्ट्री पुसली गेली. क्लायंटला "झालं" म्हणून कळवलं असतं तर आता खोटं पडलो असतो.

हे हाताने काढेपर्यंत बसत नाही. नुसतं वाचलं तर "जुन्या टर्मच्या एन्ट्रीचं बहुमत मोजून कमिट करायचं नाही", म्हणजे ती पक्की धरायची नाही, हे एक वाक्य आहे, मान डोलवून पुढे जाता येतं. काढलं की कळतं की दोष बहुमताच्या मोजणीत नाहीच, दोष असा आहे की एन्ट्रीची टर्म २ च राहिली आणि मत देताना तीच बघतात. पाठवणारा टर्म ४ चा लीडर असला तरी एन्ट्रीवरचा शिक्का जुनाच.

पाचवं चित्र म्हणजे सुटका. S1 ने पडायच्या आधी आपली टर्म ४ ची एन्ट्री तिसऱ्या जागी बहुमतावर पोचवली, S1, S2, S3 कडे. आता S5 उभा राहिला तर S2 आणि S3 च्या शेवटच्या एन्ट्रीची टर्म ४, S5 ची ३. मत नाही. S5 ला S4 आणि स्वतः एवढेच मिळतात, दोन मतं, हरला. आणि टर्म ४ ची एन्ट्री पक्की झाली की तिच्या आधीचं सगळं आपोआप पक्कं, कारण लॉग जुळवायच्या कालच्या नियमामुळे ज्याच्याकडे तिसऱ्या जागची ती एन्ट्री आहे त्याच्याकडे दुसऱ्या जागची टर्म २ ची असणारच.

मग परत फिगर २ कडे गेले. हा नियम तिथे पहिल्यापासून होता, लीडरच्या नियमांतली शेवटची ओळ. `commitIndex` म्हणजे कुठपर्यंतच्या एन्ट्री पक्क्या, `matchIndex[i]` म्हणजे सर्व्हर i वर कुठपर्यंतच्या पोचल्यात, `currentTerm` म्हणजे चालू टर्म. ओळ साधारण अशी:

```
if N > commitIndex
   and majority of matchIndex[i] >= N
   and log[N].term == currentTerm:
       commitIndex = N
```

सर्वेत ही ओळ डोळ्याखालून गेली होती आणि तिसरी अट अगदी किरकोळ वाटली होती. आता चौथं चित्र त्या एका अटीत बसलेलं दिसतं. कोड तपासताना पहिली हीच ओळ शोधायची, कारण ही अट गाळली तरी साध्या टेस्ट सगळ्या पास होतात, मोडायला दोन लीडर बरोबर त्याच क्रमाने पडावे लागतात.

१२ ऑगस्ट

५.४.३, सुरक्षिततेचा युक्तिवाद. इथे सर्वे-प्रश्न काही कामाचे नाहीत हे सरळ मान्य करावं. उलटं गृहीत धरून विसंगती दाखवणारी सिद्धता आहे, क्रमांक दिलेल्या पायऱ्या आहेत, एक सोडून पुढची वाचता येत नाही. इथे एकच काम, प्रत्येक पायरीपुढे समासात लिहायचं की ही कुठल्या नियमावर उभी आहे. जिथे लिहिता आलं नाही तिथे थांबायचं. सगळा डाव त्या एका सर्व्हरवर आहे ज्याने एन्ट्रीही घेतली आणि नंतरच्या लीडरला मतही दिलं, ७ तारखेचाच तो दोन बहुमतांत सामाईक असणारा सर्व्हर. तो सापडला की बाकी पायऱ्या सुटतात.

१३ ऑगस्ट

सारांश. पेपर बंद, एक कोरं पान.

टीममधल्या एकाने हाच भाग आधी वाचला होता आणि त्याचा सारांश माझ्याकडे आहे. त्याची परवानगी घेऊन दोन्ही शेजारी ठेवले, कारण फरक बघण्यासारखा आहे. त्याच्या सारांशात ५.४.२ बद्दल लिहिलंय, "राफ्ट मागील टर्ममधील एन्ट्री प्रतींची संख्या मोजून कमिट करत नाही, केवळ चालू टर्ममधील एन्ट्री अशा प्रकारे कमिट होतात." अगदी बरोबर वाक्य. पण ते पेपरचंच वाक्य आहे, फक्त भाषा बदललीय. मी त्याला विचारलं, "अरे, मोजून कमिट केलं तर नक्की कोण लीडर होऊन ते पुसतो, आणि त्याला मतं कशी मिळतात?" तर तो म्हणाला, "थांब, पीडीएफ उघडतो."

ही खूण लक्षात ठेवायची. सारांशात लेखकांचे शब्द जसेच्या तसे आलेत आणि एकही ठोस आकडा किंवा सर्व्हर नाही, तर ते उतरवणं आहे. पेपर उघडा ठेवून लिहिलं की असंच होतं, त्याचा काही दोष नाही, समोर एवढं नेमकं वाक्य असताना कोण स्वतःचं वाकडं वाक्य लिहिणार.

माझं पान असं झालं, थोडं कापून इथे:

"लीडर एका टर्ममध्ये एकच, कारण मत एकच आणि ते डिस्कवर लिहिलेलं. उमेदवाराचा लॉग मागे असेल तर मत नाही, आधी शेवटची टर्म मग लांबी. लीडरचा लॉग हाच खरा, फॉलोअर त्याच्याशी जुळवून घेतो. एन्ट्री पक्की केव्हा: लीडरच्या स्वतःच्या टर्मची असेल आणि बहुमताकडे असेल तेव्हा. जुन्या टर्मची एन्ट्री तिघांकडे असली तरी पक्की नाही, कारण मोठी टर्म घेऊन बसलेला एखादा S5 अजून जिंकू शकतो. ती पक्की होते तिच्या मागून आलेल्या चालू टर्मच्या एन्ट्रीमुळे."

एवढंच. बारा-पंधरा ओळींच्या वर गेलं की मी समजत नाही ते भाग जास्त शब्दांनी झाकायला लागते.

लिहिताना दोन जागी अडकले आणि तिथे नुसतं प्रश्नचिन्ह टाकून पुढे गेले. लगेच पेपर उघडायचा नाही, पूर्ण पान झाल्यावरच. पहिलं, नवा लीडर आला आणि क्लायंटकडून नवीन काही येतच नाहीये, तर जुन्या एन्ट्री कायम लटकलेल्याच राहणार का? दुसरं, `matchIndex` मोजताना लीडर स्वतःला धरतो का. दुसरं सोपं आहे, बहुमत सगळ्या सर्व्हरचं आणि लीडर त्यातलाच एक. पहिलं उद्या.

१४ ऑगस्ट

पहिल्या प्रश्नचिन्हाचं उत्तर आठव्या सेक्शनमध्ये निघालं, तेही वेगळ्याच विषयाखाली. तिथे नुसतं वाचायच्या विनंत्यांबद्दल बोलताना म्हटलंय की नव्या लीडरला सुरुवातीला कुठल्या एन्ट्री पक्क्या आहेत ते माहीत नसतं, म्हणून तो टर्मच्या सुरुवातीला एक रिकामी नो-ऑप एन्ट्री टाकून ती कमिट करतो. म्हणजे पाचवं चित्र मुद्दाम घडवून आणायचं. क्लायंटची वाट बघायची गरजच नाही.

सर्वे करताना आठवा सेक्शन मी "नंतर" मध्ये टाकला होता आणि क्रमाने वाचत गेले असते तर कंटाळून तिथपर्यंत पोचले नसते. पान लिहिताना अडकल्यामुळे तिथे जायचं कारण मिळालं. सारांश हा शेवटी करायचा उपचार नाही असं माझं ठाम मत झालंय, पुढे काय वाचायचं तेही त्यातूनच ठरतं.

आपल्या लॉगमध्ये हे ओळखता येईल: लीडर बदलल्यावर लगेच एक रिकामी एन्ट्री दिसली पाहिजे. दिसली नाही तर लायब्ररी ते करते की नाही ते तपासायचं.

९.१ पण वाचून टाकलं, समजायला सोपं असल्याचा दावा तपासायला. ४३ विद्यार्थी, प्रत्येकाने राफ्ट आणि पॅक्सॉस दोन्हींचे व्हिडिओ बघून क्विझ दिली, ६० पैकी सरासरी राफ्टची २५.७ आणि पॅक्सॉसची २०.८. ३३ जणांना राफ्टमध्ये जास्त गुण. फरक आहे, पण दोन्ही आकडे अर्ध्याच्या खाली आहेत हे माझ्या डोळ्यात जास्त भरलं. सोपं म्हणजे पॅक्सॉसच्या मानाने सोपं. शिवाय व्हिडिओ आणि क्विझ लेखकांच्या बाजूनेच तयार झालेले, तो पक्षपात कमी करायला त्यांनी काय केलं तेही त्यांनी लिहिलंय. माझ्या प्रश्नांना हा सेक्शन लागत नाही, म्हणून दोन ओळींत आटोपलं.

१८ ऑगस्ट

मधले दिवस मुद्दाम हात लावला नाही. आज कोऱ्या कागदावर पाच ओळी काढून फिगर ८ परत मांडली. (a) ते (c) सरळ आलं. (d) मध्ये S5 ला मतं कोण देतं तिथे जरा थांबावं लागलं, मग टर्म आधी लांबी नंतर हे आठवलं आणि सुटलं. मग आकडे बदलून बघितलं: S5 ने टर्म ३ मध्ये काही एन्ट्री घेतलीच नसती तर? मग त्याची शेवटची टर्म १, S2 आणि S3 मत देणार नाहीत, टर्म २ ची एन्ट्री वाचते. म्हणजे धोका फक्त तेव्हा जेव्हा मधल्या टर्ममध्ये कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलंय. चित्र पाठ होणं वेगळं आणि आकडे बदलले तरी उत्तर येणं वेगळं, तपासायचं ते दुसरं.

सहावा सेक्शन, सर्व्हर वाढवणं-कमी करणं, आत्ता वाचत नाहीये कारण पाचचे सात करायचा विचार सध्या नाही. पण एक प्रश्न लिहून ठेवतेय. पेपरात जुन्या आणि नव्या दोन्ही गटांचं बहुमत एकदम घेणारी पद्धत आहे. ओंगारो यांनी नंतर प्रबंधात एकेक सर्व्हर बदलायची सोपी पद्धत दिली आणि २०१५ मध्ये तिच्यात एक खोट निघाली, जिच्यावर उपाय असा की लीडरने आपल्या टर्मची एक एन्ट्री कमिट केल्याशिवाय बदलाची एन्ट्री टाकायचीच नाही. परत तोच "आपल्या टर्मची" नियम. प्रश्न: ही अट नसेल तर चार सर्व्हरमध्ये दोन लीडर पाचवा म्हणून वेगवेगळा सर्व्हर घालताना आपापलं वेगळं बहुमत कसं जमवतात? अंदाज: दोघांच्या डोक्यात गटाची वेगवेगळी यादी असते आणि त्या दोन याद्यांची बहुमतं एकमेकांना शिवत नाहीत. लायब्ररी यातली कुठली पद्धत वापरते ते आधी बघायचं, मग सेक्शन ६ उघडायचा.